दाखल्याचे भाषांतर



आमच्या युनियनच्या कचेरीत माणसे पूर्वी पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन येत, आता पुष्कळदा जन्माचे दाखले घेऊन येतात. मुलगा परदेशी स्थायिक झालेला असतो, आई इकडे एकटी असते, आणि तिला नेण्यासाठी लागणारा कागद मराठीत असतो. म्हणून आज त्या कागदाच्या इंग्रजी भाषांतराविषयीच बोलावे, असे आम्ही ठरवले.

एक उदाहरण घेऊ. मुलगा अमेरिकेचा नागरिक आहे, वय एकवीसच्या वर आहे. त्याला आईसाठी अर्ज करता येतो. आई आणि मुलगा हे नाते सिद्ध होते ते मुलाच्या जन्मदाखल्यावरून, कारण त्यावर आईचे नाव असते. दाखला 1974 सालचा, एका खेड्यातला. त्यात जिल्हा ‘कुलाबा’, जन्मतारीख ‘५-६-१९७४’ आणि आईचे नाव ‘पार्वती’ असे लिहिले आहे. बाळाच्या नावाचा रकाना रिकामा आहे, कारण नोंद झाली तेव्हा बारसे व्हायचे होते. आईच्या पासपोर्टावर मात्र ‘पार्वतीबाई’ छापले आहे.

आता भाषांतर करणारा सज्जन मनुष्य काय करतो? त्याला दया येते. तो रिकाम्या रकान्यात मुलाचे नाव भरतो, ‘पार्वती’चे ‘पार्वतीबाई’ करतो आणि कुलाब्याचे रायगड करतो, कारण 1981 साली जिल्ह्याचे नाव बदलले हे त्याला ठाऊक असते. तीनही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या दाखल्यात नाहीत! मूळ कागदाची प्रत भाषांतराबरोबरच जाते. तिकडे मराठी वाचणारा कोणी भेटला, तर रिकामा रकाना भरलेला पाहून त्याचा विश्वास साऱ्या कागदावरूनच उडतो. मग जास्त पुराव्याची मागणी येते आणि आईचे जाणे लांबते.

योग्य रीत अशी. रिकाम्या रकान्याच्या जागी ‘कोरा’ अशा अर्थाचा शब्द चौकटी कंसात लिहावा. आईचे नाव ‘पार्वती’ असेच इंग्रजी लिपीत उतरवावे. जिल्हा कुलाबाच ठेवावा. हवे तर ‘आताचा रायगड’ अशी टीप भाषांतरकाराने आपल्या नावाने, मजकुराबाहेर द्यावी. शिक्का असेल तर त्यातली अक्षरे द्यावीत, सही वाचता येत नसेल तर ‘सही, अवाच्य’ म्हणावे. खाडाखोड आणि समासातला शेरा हेही मजकुराचेच भाग आहेत. नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख ही जन्मतारखेहून वेगळी असते, ती गाळू नये. जुन्या दाखल्यावर तिथी असेल तर ती तिथीच राहू द्यावी. पंचांग पाहून तारीख काढून देणे हे भाषांतरकाराचे काम नव्हे.

तारखेचे मात्र जपावे लागते. अमेरिकन माणूस महिना आधी वाचतो. त्याला आपली पाच जून सहा मे वाटेल. म्हणून आकड्याऐवजी महिन्याचे नाव लिहावे. हा बदल नव्हे, अर्थ टिकवण्याची तजवीज आहे.

मग उरलेल्या उणिवांचे काय? त्यांचे औषध भाषांतरात नाही, निबंधकाच्या कचेरीत आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात कलम 14 खाली बाळाचे नाव मागाहून नोंदवता येते आणि कलम 15 खाली चूक दुरुस्त होते. नव्या दाखल्याचे मग नवे भाषांतर करावे. ‘पार्वती’ व ‘पार्वतीबाई’ या एकच बाई, हे वेगळ्या प्रतिज्ञापत्राने सांगावे. गिरणीच्या मस्टरवर एक नाव आणि प्रॉव्हिडंट फंडात दुसरे, हा घोळ ज्यांनी निस्तरला आहे त्यांना हे नवे नाही.

लग्नाच्या दाखल्यातही असाच मोह होतो. तिथे वधूचे माहेरचे नाव असते, पासपोर्टावर सासरचे. ते माहेरचेच राहिले पाहिजे. एक नाव सोडून दुसरे घेतले, याचा तोच तर पुरावा.

आता प्रमाणित म्हणजे काय, ते सांगतो. पुष्कळ लोक नोटरीकडे धावतात. नोटरी बहुधा सहीची साक्ष देतो, भाषांतराची नव्हे. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा नियम साधा आहे : भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असे भाषांतरकाराने लिहून द्यावे. नोटरीचा शिक्का त्या नियमात मागितलेला नाही. जर्मनीत मात्र सहसा न्यायालयाकडे शपथ घेतलेला भाषांतरकार लागतो. तेव्हा पैसे देण्याआधी कागद कोणत्या देशाच्या कोणत्या कचेरीत जाणार, हे विचारून घ्यावे. आणि भाषांतर हाती आले की मूळ दाखला शेजारी ठेवून रकान्यामागून रकाना बोट ठेवून ताडून पाहावा. इंग्रजी न येणाऱ्या आईलाही नावे आणि आकडे घरच्या कोणाकडून वाचून घेता येतात.