चाळीस पैशांची टिचकी

(पुंडलिकनगर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

माझ्या पिढीला जुगार म्हटलं की मटका आठवतो. १९६०च्या दशकात मुंबईत कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी तो रुजवला, आणि बघता बघता आपल्याकडच्या पानटपरीपर्यंत पोचला. दिवसातून दोनदा आकडा फुटायचा, ओपन आणि क्लोज. एकेरी आकडा लागला की साधारण रुपयाला नऊ रुपये. आकडे मात्र दहा. म्हणजे लावलेल्या दर दहा रुपयांमागे सरासरी एक रुपया गेलाच. दोन्ही वेळा दहा-दहा लावणाऱ्याचे दिवसाकाठी सरासरी दोन रुपये जायचे.

आता मोबाइलवरचा स्लॉट घ्या. हिशेबासाठी परतावा ९६ टक्के धरू. मालकाचा वाटा चारच टक्के, मटक्याच्या निम्म्याहूनही कमी! दहा रुपयांच्या एका फेरीत सरासरी तोटा चाळीस पैसे. मग हा खेळ सौम्य म्हणायचा का?

मी आता या टेबलावर टिचकी मारतो. एक टिचकी म्हणजे एक फेरी, म्हणजे चाळीस पैसे. हातानं खेळणारा माणूस बटण दाबतो, चक्रं थांबेपर्यंत बघतो, काय लागलं ते वाचतो, थोडा रेंगाळतो. मिनिटाला आठ टिचक्या धरा. तासाला ४८० फेऱ्या, गुणिले चाळीस पैसे, झाले १९२ रुपये.

आता टर्बो लावा. चक्रांची फिरकी आखडली. वर ऑटोप्ले लावा, म्हणजे मधलं रेंगाळणंही संपलं. दर दोन सेकंदांना एक टिचकी. ऐका: टक्… टक्… टक्… मिनिटाला तीस, तासाला १८००. तोटा ७२० रुपये. डाव तोच दहाचा, टक्केवारीही तीच चारची. बदलला तो फक्त वेग.

सूत्र एवढंच आहे: डाव गुणिले तासाच्या फेऱ्या गुणिले मालकाचा वाटा. जाहिरातीत यातला तिसरा आकडा असतो, दुसरा नसतो.

कुणी म्हणेल, घाईत चक्रं नीट फिरत नसतील म्हणून हरतो. तसं नाही. बटण दाबताच संगणक यादृच्छिक आकडा काढतो आणि निकाल तिथेच ठरतो. पुढची फिरकी नुसती देखाव्याची. टर्बो तो देखावा कापतो, शक्यता बदलत नाही. ऑटोप्लेवर तर माणूसही लागत नाही. तीनशे फेऱ्या लावून गॅसवर चहा ठेवायला गेलात, दहा मिनिटांनी कप घेऊन परतलात, तर त्या सगळ्या होऊन गेलेल्या. सरासरी १२० रुपयांचा चहा.

आणखी एक गैरसमज नेहमी आढळतो. हजार रुपये भरले, ९६ टक्के परतावा, म्हणजे फार तर चाळीस जातील! पण टक्केवारी भरलेल्या पैशांवर नसते, लावलेल्या एकूण डावांवर असते. जिंकलेले दहा रुपये पुन्हा लागतात, पुन्हा चाळीस पैसे कापले जातात. आपल्या टर्बोच्या तासात डाव १८,००० रुपयांचे होतात, खिशातून आलेले हजार असले तरी. खात्यातल्या खेळाच्या इतिहासात एकूण लावलेली रक्कम बघा आणि तिला एका डावाच्या रकमेनं भागा, फेऱ्या कळतील. बहुतेकांचा अंदाज खूप कमी निघतो.

आता सरासरीची मर्यादाही सांगतो, नाहीतर मागच्या रांगेतले सांख्यिकीवाले मला सोडणार नाहीत. एखाद्या तासात कुणी दोन हजार जिंकूनही उठतो, आणि कुणाचे हजार अर्ध्या तासात संपतात, मग त्याचा तास तिथेच थांबतो. पण फेऱ्या चौपट केल्या की सरासरी तोटा चौपट होतो आणि नशिबाचे चढउतार मात्र दुप्पटच, कारण ते वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. म्हणजे वेगवान तासात नशिबानं जिंकून उठण्याची शक्यताही घटते.

आपल्या केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केला. ब्रिटननं खेळ चालू ठेवला आणि घड्याळाला हात घातला. ३१ ऑक्टोबर २०२१ पासून तिथल्या ऑनलाइन स्लॉटवर ऑटोप्ले बंद, एका फेरीला किमान अडीच सेकंद, आणि दहा लावून तीन परत आले तरी घंटा वाजवून जिंकल्याचा भास करायलाही मनाई. या शेवटच्या युक्तीचा तोटा वेगात जास्त, कारण सात रुपये गेले हे वाचायला उसंतच नसते.

अडीच सेकंदांचा हिशेब तुम्हीच करा. तासाला जास्तीत जास्त १४४० फेऱ्या, तोटा ५७६ रुपये. म्हणजे नियम पाळूनही आपल्या हातानं खेळणाऱ्याच्या तिप्पट. फरक एवढाच, की ऑटोप्ले बंद असल्यानं या १४४० टिचक्या स्वतःच्याच बोटानं माराव्या लागतात. जरा मारून बघा टेबलावर, पाच मिनिटं न थांबता. बोट दुखतं.