क्रियापदाच्या शेपटात असलेला मान



रायगड जिल्ह्यातल्या अनुवादकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद आपण मला दिलंत. अंबा नदीच्या काठी, नागोठण्यात आपण जमलो आहोत. पलीकडच्या रोह्याच्या देशमुख घराण्यातले चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांनीच 'मेघदूत' मराठीत आणलं. पैशाचा व्यवहार आणि अनुवाद ही दोन्ही कामं मन लावून करणाऱ्या माणसाचं स्मरण करून मी विषयाकडे वळते.

निमंत्रणपत्रिकेत छापलं आहे की अध्यक्षा 'व्यावसायिक अनुवादाची सद्यःस्थिती' या विषयाचा आढावा घेतील. तो आढावा मी लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर अडले, कारण एक गोष्ट मला बरीच वर्षं बोलायची होती आणि त्यासाठी असं व्यासपीठ आजवर मिळालं नव्हतं. हिंदीतून नेपाळीत जाणाऱ्या ग्राहकसेवेच्या संदेशांत आपण समोरच्या माणसाला कोणत्या पायरीवर बसवतो, याविषयी मला बोलायचं आहे. बाकीचा आढावा लेखी स्वरूपात देईन.

रायगडात नेपाळीचं काय काम, असं काहींच्या मनात येईल. महामार्गावरच्या हॉटेलांची स्वयंपाकघरं बघा, पेण-रोह्यातल्या नव्या इमारतींच्या फाटकांवरचे पहारेकरी बघा, खाली दक्षिणेला आंब्याच्या बागा राखणारी कुटुंबं बघा. ही माणसं मोबाईल वापरतात, बँकेत खातं ठेवतात, गावी पैसे पाठवतात. भारतातून नेपाळात पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 2008 साली स्वतंत्र योजना सुरू केली, आणि 2021 साली तिची मर्यादा एका व्यवहाराला पन्नास हजारांवरून दोन लाखांवर नेली. या सगळ्यामागे संदेश असतात. ते आधी हिंदीत लिहिले जातात, मग आपल्यासारख्या कुणाच्या तरी हातून नेपाळीत येतात. शिवाय नेपाळी ही आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली भाषा आहे. 1992 साली कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी एकाच घटनादुरुस्तीने तिथे आल्या. कोकणीची ती बहीण आहे म्हणा ना.

आता मूळ मुद्दा. नेपाळीत समोरच्या माणसाशी बोलण्याच्या रोजच्या तीन पायऱ्या आहेत: 'तँ', 'तिमी' आणि 'तपाईं'. 'तँ' लहान मुलाला, अगदी जवळच्याला किंवा भांडताना. 'तिमी' मित्राला, धाकट्या भावाला, बायकोला. 'तपाईं' वडीलधाऱ्याला आणि अनोळखी माणसाला. त्यावर 'हजुर' आहे आणि त्याही वर एकेकाळी राजघराण्यासाठी वेगळी क्रियापदं होती, पण ग्राहकसेवेत त्या क्रियापदांचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो 'तिमी' आणि 'तपाईं' यांच्यात, आणि मराठी अनुवादक घसरतो तो नेमका इथेच. 'तिमी' कानावर पडलं की आपल्याला आपलं 'तुम्ही' ऐकू येतं. दोन्ही एकाच कुळातली आहेत, त्यामुळे वाटतं की मान राखला गेला. पण मराठीत 'तुम्ही' वर चढून बसलं आणि नेपाळीत 'तिमी' मधल्या पायरीवरच राहिलं. आपल्या 'तुम्ही'ची जागा तिथे 'तपाईं' घेतं.

माझ्या नोकरीची उमेदीची वर्षं सिलिगुडीत गेली. तिथल्या पासबुकांच्या काउंटरवर मी नेपाळी शिकले, पुस्तकातून नाही. परत आल्यावर इथल्या महामार्गावरच्या एका हॉटेलातला आचारी माझ्याकडे कागदपत्रं वाचून घ्यायला यायचा. एका दसैंच्या आधी तो चिंतेत पडून आला. खातं अडकलं होतं, घरी पैसे जात नव्हते. मी त्याचा फोन पाहिला, तर बँकेचा संदेश आठवडाभर आधीच आलेला होता: 'तिम्रो केवाईसी बाँकी छ। आजै शाखामा आऊ।' मी विचारलं, हे वाचलं नव्हतंस का? तो म्हणाला, "दिदी, बँक असं बोलते होय? मला वाटलं कुणीतरी फसवतंय." तो बरोबर होता. फसवणुकीचे संदेश ओळखायला आपण लोकांना शिकवतो आणि मग खऱ्या संस्थेच्या तोंडी अशी भाषा घालतो. मूळ हिंदीत 'आपका' आणि 'आएँ' होतं. मी तो अनुवाद करणाऱ्या संस्थेकडे चौकशी केली, तेव्हा उत्तर मिळालं की अनुवादक मराठी होता आणि त्याने 'तुम्ही'चा विचार करून 'तिमी' लिहिलं. 'तपाईंको केवाईसी बाँकी छ। आजै शाखामा आउनुहोस्।' एवढंच लिहायचं होतं.

आज सकाळच्या सत्रात एका तरुण सहकाऱ्याने ठासून सांगितलं की अनुवादकाने मुळाशी इमान राखावं: हिंदीत 'आप' असेल तर 'तपाईं', 'तुम' असेल तर 'तिमी'. हल्ली काही कंपन्या तरुण ग्राहकांशी मुद्दाम 'तुम'ने बोलतात, तेव्हा तो मोकळेपणा नेपाळीतही पोहोचला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी हे मानत नाही. हिंदीत 'तुम' म्हणणारी कंपनी मित्र व्हायला बघते, आणि दिल्लीतल्या कॉलेजच्या मुलाला ते चालतही असेल. पण या भागात नेपाळी माणसाला 'तुम' कोण म्हणतं ते जरा आठवा. फाटकातून गाडी आत घेणारा म्हणतो, त्याचं नाव न विचारता 'बहादूर' अशी हाक मारणारा म्हणतो. त्याच माणसाच्या फोनवर 'तिमी' उमटतं, तेव्हा त्यात मैत्री दिसत नाही, फाटकावरची हाक दिसते. सिलिगुडीच्या काउंटरवर मी मजुराला आणि चहाच्या बागेच्या व्यवस्थापकाला एकाच 'तपाईं'ने बोलत असे. माझ्या वरिष्ठांनी एकदा मला विचारलं होतं की सगळ्यांना सारखंच कशाला? मी म्हटलं, पासबुकात मी माणसागणिक वेगळी शाई वापरत नाही. पायरी ठरते ती बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या नात्यावरून. मुळातल्या सर्वनामावरून ती ठरत नाही, आणि ऐकणारा काय काम करतो यावरून तर नाहीच नाही. कंपनी आणि ग्राहक हे अनोळखी आहेत, म्हणून 'तपाईं'. मोकळेपणा आणायचा तर वाक्य लहान करा, शब्द सोपे घ्या, 'गर्नुहोस्'ऐवजी बोलीतलं 'गर्नुस्' घ्या. मान तसाच राहतो.

'तपाईं'च्या आणखी एका फायद्याविषयी या वादात कुणी बोललं नाही. हिंदीत 'आप ले सकते हैं' लिहिलं की ग्राहक पुरुष झाला. नेपाळीत 'लिन सक्नुहुन्छ' या रूपाला लिंग नाही. 'तिमी'वर उतरलात की पुन्हा 'सक्छौ' की 'सक्छ्यौ' हा घोळ सुरू. ग्राहक कोण हे माहीत नसताना वरची पायरीच सुरक्षित आहे.

पण सगळ्यात जास्त चुका सर्वनामात होत नाहीत. अनेक संदेशांत सर्वनामच नसतं. हा एक संदेश घ्या, अगदी रोजचा:

'प्रिय ग्राहक, अपना पिन किसी को न बताएँ। समस्या हो तो हमें कॉल करें।'

नेपाळीत: 'आदरणीय ग्राहक, आफ्नो पिन कसैलाई नभन्नुहोस्। समस्या परे हामीलाई फोन गर्नुहोस्।'

इथे 'तपाईं' कुठे आहे? कुठेच नाही. 'अपना'साठी आलेलं 'आफ्नो' तिन्ही पायऱ्यांना सारखंच चालतं. सगळा मान 'नभन्नुहोस्' आणि 'गर्नुहोस्' या दोन शेपटांत आहे. आणि कात्री नेमकी तिथेच चालते. देवनागरी एसएमएसमध्ये एका संदेशात 70 चिन्हं बसतात, काना-मात्रा आणि हलन्तही वेगवेगळे मोजले जातात. हिंदी संदेश 67 चिन्हांचा आहे, एकात बसतो. नेपाळी 77 होतो, म्हणजे दोन संदेशांचा खर्च. हिंदी 'करें'ला चार चिन्हं लागतात, 'गर्नुहोस्'ला नऊ. मग ग्राहककंपनीकडून निरोप येतो की लहान करा, आणि कुणीतरी 'नभन' आणि 'गर' करून टाकतं. चौदा चिन्हं वाचतात, संदेश 63 वर येतो, आणि लाखो माणसांना धाकट्या भावासारखं दटावलं जातं. कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण वर 'आदरणीय' तसंच असतं.

हे मी कितीतरी बैठकांत दाखवलं आहे, आज पुन्हा दाखवते. 'गर्नुस्' आणि 'नभन्नुस्' केलं तर 73 होतात, अजून तीन जास्त. पण 'हामीलाई' काढा. फोन कुणाला करायचा ते संदेश पाठवणाऱ्याच्या नावावरून कळतंच. 'आदरणीय ग्राहक, आफ्नो पिन कसैलाई नभन्नुहोस्। समस्या परे फोन गर्नुहोस्।' झाले 69. पूर्ण रूपं शाबूत, खर्च एकाच संदेशाचा. कात्री सर्वनामावर चालवा, क्रियापदाच्या शेपटावर नको. म्हणून माझ्याकडे तपासणीला आलेल्या मजकुरात मी आधी 'तिम' शोधते आणि मग एकेका क्रियापदाचा शेवट बोट ठेवून वाचते. वर 'तपाईंको' आणि चार शब्दांनी 'पठाऊ' असं मिसळलेलं वाक्य मला दर दुसऱ्या गठ्ठ्यात सापडतं.

'हजुर'वर मात्र थोडक्यात बोलते. काहींना वाटतं सगळीकडे 'हजुर' लिहिलं की चुकायची भीती नाही. फोनवर 'हजुर, भन्नुहोस्' अगदी सहज येतं, दुकानातही येतं. लेखी संदेशात ओळीओळीत 'हजुर' आलं की अजिजी वाटते. फोनच्या संहितेत ठेवा, संदेशात नको. आणि हिंदीतलं 'हमारे प्रतिनिधि आपसे संपर्क करेंगे' हे 'गर्नुहुनेछ' करू नका. स्वतःच्याच माणसाला ग्राहकापुढे मोठं करण्याचं कारण नाही. 'गर्नेछन्' पुरेसं आहे, ते सभ्यही आहे.

शेवटी ज्यांच्याकडून काम येतं त्यांना मी जाहीरपणे सांगते, इथे त्यांचे प्रतिनिधीही बसले आहेत. तुम्ही आम्हाला हिंदी वाक्यांचा तक्ता पाठवता, एकाखाली एक. कोण कुणाला बोलतंय, संदेश फोनवर ऐकू येणार की पडद्यावर दिसणार, चिन्हांची मर्यादा किती, यातलं काहीच त्यात नसतं. 'करें' एकटं आलं की नवखा अनुवादक त्याला तृतीय पुरुषी समजून 'गरून्' लिहितो, आणि ग्राहकाला वाटतं ही सूचना दुसऱ्याच कुणाला आहे. या तीन गोष्टी तक्त्याच्या वर लिहायला तुम्हाला पाच मिनिटं लागतील. त्या नसतील तर आपल्यापैकी कुणी काम सुरू करू नये, असं मी या व्यासपीठावरून आवाहन करते.

नेपाळी क्रियापदांच्या शेवटांचा एक छोटा तक्ता, सोबत हिंदी आणि मराठी रूपं, आपण करायचा आहे. दार्जिलिंगकडच्या आणि नेपाळातल्या वापरातला फरकही त्यात यावा. तो कोण करणार, कधी, हे संध्याकाळच्या बैठकीत बघू. मी माझ्या वह्या आणल्या आहेत.