एकाच वाटेवर दोन लोहमार्ग कशासाठी?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय 'नैसर्गिक मक्तेदारी' असा आहे. शब्द जड वाटतो, पण त्यामागची गोष्ट आपण रोज पाहतो. पोस्टमन आपल्या बीटवर निघतो. एका गल्लीत एक पत्र द्यायचे असो की दहा, गल्ली तेवढीच चालावी लागते. आता त्याच गल्लीत दुसरा पोस्टमन पाठवला आणि पाच-पाच पत्रे वाटून दिली, तर चालणे दुप्पट होते आणि पत्रे मात्र दहाच राहतात. लोहमार्गाचेही असेच आहे, फक्त तिथे रक्कम फार मोठी असते.

सोपा हिशेब मांडू. आकडे माझे, समजण्यापुरते. दोन शहरांमध्ये एक लोहमार्ग आहे. भांडवलावरचे व्याज, गँगमन, सिग्नल, पूल, स्टेशने मिळून मार्गाचा रोजचा खर्च १० लाख रुपये आहे. गाड्या दहा धावोत की चाळीस, यात फारसा फरक पडत नाही. गाडी धावली की इंधन, चालक, गार्ड आणि झीज यांचे ५० हजार रुपये वेगळे. रोज ४० गाड्या धावल्या तर एकूण खर्च ३० लाख, म्हणजे गाडीमागे ७५ हजार.

आता स्पर्धा हवी म्हणून दुसऱ्या कंपनीने शेजारून दुसरा मार्ग टाकला. प्रवासी आणि माल तेवढाच आहे, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला २० गाड्या आल्या. प्रत्येकीचा खर्च २० लाख, दोघींचा मिळून ४० लाख. गाडीमागचा खर्च एक लाखावर गेला. जादा १० लाखांनी एकही जादा प्रवासी पोचला नाही.

कोणी म्हणेल, स्पर्धेने भाडे तर उतरेल? उतरेल, पण किती दिवस? रूळ एकदा जमिनीत गेले की ते उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. म्हणून प्रत्येक कंपनी विचार करते की गाडीमागे ५० हजारांच्या वर जे मिळेल ते पदरात पाडून घ्यावे. भाडे तिथपर्यंत घसरले की मार्गाचा खर्च दोघींपैकी कुणाचाच निघत नाही. मग शेवट दोनच प्रकारे होतो. एक तर दोघी समझोता करून भाडे वाढवतात, नाही तर एक बुडते. दोन्ही वेळी शेवटी मक्तेदारीच उरते. दुसऱ्या मार्गाचा खर्च मात्र कुणीतरी सोसलेलाच असतो.

हे इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष घडले आहे. तिथे रेल्वे खाजगी कंपन्यांनी बांधली आणि पार्लमेंटने एकाच भागासाठी अनेक कंपन्यांना परवाने दिले. शेफील्ड, नॉटिंगहॅम आणि लेस्टर ही शहरे मिडलंड रेल्वेने लंडनशी आधीच जोडली होती. तरीही सर एडवर्ड वॉटकिन या गृहस्थांच्या कंपनीला लंडनपर्यंत स्वतःचाच मार्ग हवा होता. पार्लमेंटची परवानगी १८९३ साली मिळाली. कंपनीने १८९७ साली 'ग्रेट सेंट्रल' हे नाव घेतले आणि १८९९ साली लंडनच्या मेरिलबोन स्टेशनातून प्रवासी गाड्या सुटू लागल्या.

मार्ग कच्चा नव्हता. चढ सौम्य, वळणे मोठी, काम उत्तम. पण शहरे आधीच वसलेली असल्याने तो घुसवायला फार खर्च आला. कामगारांच्या वस्त्या पाडाव्या लागल्या. लंडनमध्ये लॉर्ड्स क्रिकेट मैदानाच्या नर्सरी टोकाखालून बोगदे काढावे लागले. नॉटिंगहॅममध्ये 'व्हिक्टोरिया' नावाचे भव्य स्टेशन १९०० साली उघडले, आणि त्याच शहरात मिडलंडचेही स्टेशन होतेच.

उतारू मात्र तेच होते, ते दोन कंपन्यांत वाटले गेले. मार्गाच्या खर्चाइतकी कमाई कधी झाली नाही. कंपनीचे जुने नाव 'एम. एस. अँड एल.' होते. लोक थट्टेने त्याचा अर्थ 'पैसा बुडाला आणि गेला' असा लावत, आणि नव्या 'जी. सी.'चा अर्थ 'पुरता गेला' असा.

पुढे १९४८ साली सगळ्या रेल्वे राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. दोन्ही मार्ग एकाच हिशेबाच्या वहीत आले, तेव्हा एकाची गरज नाही हे उघड दिसू लागले. १९६६ साली ग्रेट सेंट्रलची लांब पल्ल्याची वाहतूक थांबली आणि १९६९ साली उरलेला नॉटिंगहॅम-रग्बी तुकडाही बंद झाला. व्हिक्टोरिया स्टेशन पाडून तिथे बाजारसंकुल उभे राहिले. स्टेशनचा घड्याळाचा मनोरा तेवढा उरला. मिडलंडच्या स्टेशनातून आजही गाड्या सुटतात.

यावरून दुसरा मार्ग नेहमीच उधळपट्टी असतो असे समजू नका. पहिल्या मार्गावर गाड्यांची दाटी झाली, मालगाड्या तासन् तास लूपलाईनवर थांबू लागल्या, तर दुसरी-तिसरी लाईन हवीच. पण ती एकाच कारभाराखाली टाकली, तर एका लाईनवर काम चालू असताना गाड्या दुसरीवरून काढता येतात. म्हणून ओळखायची खूण एकच: आहे त्या मार्गाची क्षमता भरली आहे का? भरली नसेल, तर दुसरा मार्ग म्हणजे दुप्पट खर्च. ट्रक किंवा बस यांच्याबाबत असे नसते. रस्ता एकच असतो आणि ट्रक न परवडला तर विकता येतो. म्हणून तिथे स्पर्धा चालते.

मक्तेदारीचे दुखणेही सांगितले पाहिजे. गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता येत नाही, त्यामुळे मालक भाडे वाढवू शकतो किंवा कामात ढिलाई करू शकतो. मालक सरकार असले तरी हा धोका टळत नाही. त्यावर उपाय म्हणजे भाड्यावर देखरेख, हिशेबाची उघड तपासणी आणि सुरक्षिततेचे सक्तीचे नियम. दुसरा रूळ हा उपाय नव्हे.

इंग्लंडने १९९३ साली कायदा करून रेल्वेचे तुकडे केले. गाड्या अनेक कंपन्यांना दिल्या, पण रूळ एकाच 'रेलट्रॅक' कंपनीकडे ठेवले. खाजगीकरण करणाऱ्यांनीही दोन रूळ टाकले नाहीत, हे लक्षात घ्या. ही कंपनी १९९६ साली शेअरबाजारात गेली आणि देखभाल ठेकेदारांवर सोपवली गेली. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफील्डजवळ, आधीच भेगा पडलेला रूळ गाडीखाली तुटला आणि चार माणसे दगावली. तशाच भेगा आणखी कुठे आहेत याची खातरजमा नव्हती, म्हणून देशभर शेकडो ठिकाणी वेगमर्यादा लावावी लागली. २००१ साली कंपनीचे दिवाळे निघाले. २००२ साली रूळ 'नेटवर्क रेल' या नफा न वाटणाऱ्या संस्थेकडे गेले. मक्तेदारी नाहीशी झाली नव्हती. तिच्यावर लक्ष कोण ठेवणार, एवढाच प्रश्न होता.

टपालातील साथींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात पत्रवाहतुकीचा खास हक्क सरकारकडे होता. २०२३ च्या नव्या कायद्यात तो नाही. गजबजलेल्या पेठेत दोन वाटप-जाळी कदाचित परवडतील. पण डोंगरातल्या वाडीवर आठवड्याला चार पत्रे जातात, तिथे दुसरा माणूस कोण पाठवील? पेठेतली कमाई वाटली गेली, तर वाडीवरच्या फेरीचा खर्च कुठून काढायचा, हा प्रश्न हिशेबातच मांडला पाहिजे.

तेव्हा यापुढे कोणी स्पर्धेची गोष्ट काढली की सरसकट हो किंवा नाही म्हणू नका. स्पर्धा कशात, हे आधी विचारा. गाडीत, मालपुरवठ्यात की रुळात? आणि रुळात असेल, तर आहे तो रूळ भरला आहे का, ते विचारा.

एवढे बोलून मी थांबतो.