रात्रपाळी संपते तो शनिवार

आठवडाभर रात्रपाळी आणि सोमवारी सकाळी सातला पहिली पाळी, तर खरी कसोटी शनिवारीच. सकाळी आठला घरी आलात की जाड पडदे ओढून झोपा, पण गजर साडेबाराचा लावा. संध्याकाळपर्यंत ताणून दिलीत, तर रात्री डोळा लागत नाही आणि सोमवारी मशीनसमोर डुलक्या येतात. उठल्यावर साधा वरणभात खा. दोननंतर चहा नको, हेच सगळ्यात अवघड! दळण, वाणसामान चारच्या सुमारास उरका, उजेडात फिरलं की झोप लांबते. गाडी मात्र घरीच ठेवा, डोळ्यांवर झापड असते. आठपर्यंत हलकं जेवून नऊला अंथरुणावर. रविवारीही सहालाच उठा. सोमवारी पाचचा गजर वाजेल, तेव्हा फरक तासाभराचाच राहील.