बारा आकडे आणि दोन रकाने

मॅन्युअल टेस्टिंगच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: सिव्हिरिटी जास्त पण प्रायॉरिटी कमी असा एक बग सांगा, आणि मग त्याच्या उलट एक सांगा. उत्तरंही ठरलेली असतात. मुख्य पानावर कंपनीच्या नावाचं स्पेलिंग चुकलं, तर सिव्हिरिटी कमी आणि प्रायॉरिटी जास्त. सहसा कुणी उघडत नाही अशा पानावर प्रोग्राम बंद पडला, तर त्याच्या उलट. ही उत्तरं चूक नाहीत, पण ती पाठ करून देता येतात. त्यामुळे उमेदवाराला नवा बग समोर आल्यावर काय सुचेल हे त्यातून कळत नाही. सिव्हिरिटी म्हणजे बिघाड किती गंभीर आहे आणि प्रायॉरिटी म्हणजे तो किती लवकर दुरुस्त करायचा, एवढी व्याख्या कुणालाही सांगता येते. हे दोन रकाने खरोखर वेगळे भरायचे, तर आधी टेस्ट केस आणि बग रिपोर्ट नीट लिहिलेले असावे लागतात. टेस्ट केस, बग रिपोर्ट आणि हे दोन रकाने यांवरचे तीन प्रश्न मुलाखतीत सुटे विचारले जातात, पण तो एकच प्रश्न आहे असं माझं मत आहे, आणि ते मी एका खऱ्या बगच्या आधारे मांडणार आहे.

सप्टेंबर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल २००७ मधला एक बग जगभर गाजला. एखाद्या सेलमध्ये `=850*77.1` असं लिहिलं, की उत्तर ६५,५३५ यायला हवं. स्क्रीनवर दिसायचं १,००,०००. आता उमेदवाराला सांगा, की एक्सेलमधल्या गुणाकारासाठी टेस्ट केस लिहा. पुष्कळ जण लिहितात, ‘दोन संख्या टाका, उत्तर बरोबर येतं का पाहा.’ ही टेस्ट केस नाही, ती इच्छा आहे. टेस्ट केसमध्ये सुरुवातीची स्थिती हवी (नवी शीट, सेलचं फॉरमॅट जनरल), नेमका डेटा हवा, क्रमाने स्टेप्स हव्यात, आणि टेस्ट चालवण्याआधीच ठरवून लिहिलेला अपेक्षित निकाल हवा. तो आधी लिहिलेला नसेल, तर स्क्रीनवर आलेला १,००,००० पाहून टेस्टर मान डोलावून पुढे जाऊ शकतो, कारण आकडा गोल आहे आणि पटकन खरा वाटतो.

इथे जरा जाणता उमेदवार म्हणेल, की सीमेवरच्या संख्या तपासू. ६५,५३५ म्हणजे सोळा बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या, तेव्हा ६५,५३४, ६५,५३५ आणि ६५,५३६ टाकून पाहू. विचार योग्य आहे, पण या संख्या सेलमध्ये थेट टाइप केल्या तर एक्सेल २००७ त्या अगदी बरोबर दाखवत असे. तिन्ही टेस्ट पास झाल्या असत्या. कारण असं, की ७७.१ हा दशांश संगणकाच्या द्विमान पद्धतीत तंतोतंत लिहिता येत नाही. त्यामुळे गुणाकाराचं उत्तर ६५,५३५ च्या अतिसूक्ष्म अंतराने अलीकडे पडत होतं, आणि नेमक्या त्या जागी उत्तराचं रूपांतर स्क्रीनवरच्या अंकांत करणारा भाग चुकत होता. मायक्रोसॉफ्टने नंतर जाहीर केलं, की अशा संख्या एकूण बाराच होत्या: सहा ६५,५३५ च्या लगतच्या आणि सहा ६५,५३६ च्या लगतच्या. म्हणून टेस्ट केसमध्ये फक्त ‘कोणती संख्या’ एवढं पुरत नाही. ती संख्या टाइप केली, की हिशेबातून आली, हेही लिहावं लागतं. मुलाखतीत हा भेद ज्याला आपणहून सुचतो, त्याचं उत्तर मी सगळ्यात वर ठेवीन.

आता बग रिपोर्ट. ‘एक्सेलमध्ये गुणाकार चुकतो’ असं शीर्षक दिलं, तर सिव्हिरिटी सर्वोच्च लागेल आणि डेव्हलपर गुणाकाराचा कोड उपसत बसेल. चांगला टेस्टर रिपोर्ट लिहिण्याआधी आणखी काही पावलं टाकतो. उत्तर A1 मध्ये असेल, तर दुसऱ्या सेलमध्ये `=A1*2` लिहून पाहतो. तिथे १,३१,०७० येतं, म्हणजे बरोबर. `=A1+1` ला मात्र १,००,००१ दिसतं, आणि `=A1+2` ला पुन्हा बरोबर ६५,५३७. एवढ्यावरून कळतं, की आत साठवलेली संख्या शाबूत आहे आणि चूक फक्त दाखवण्यात आहे. मग `=10.2*6425` हीच चूक देतं का, आधीच्या एक्सेल २००३ मध्ये ती आहे का (नव्हती), हे पाहून रिपोर्टमध्ये आवृत्ती, स्टेप्स, अपेक्षित निकाल आणि प्रत्यक्ष निकाल लिहितो. ‘कधीकधी चुकतं’ हा शब्दप्रयोग तिथे उरतच नाही.

सिव्हिरिटी इथेच ठरते. चूक दाखवण्यापुरतीच आहे म्हणून ती हलकी, असं घाईने म्हणता येणार नाही. रंग चुकणं आणि आकडा चुकणं, दोन्ही दिसण्यातल्याच चुका. पण कोटेशनवर छापलेला १,००,००० माणूस वाचतो आणि पुढच्या कागदावर उतरवतो. एक्सेल बंद पडलं असतं तर निदान चूक झाल्याचं कळलं असतं. इथे चूक गुपचूप होते. म्हणून माझ्या लेखी तिची सिव्हिरिटी मोठी आहे. प्रायॉरिटीला मात्र वेगळा पुरावा लागतो: बग किती जणांना भेटणार, रिलीज कधी आहे, दुरुस्तीत आणखी काही मोडण्याचा धोका किती. हाच बग रिलीजच्या वर्षभर आधी सापडला असता, तर सिव्हिरिटी तीच राहिली असती आणि दुरुस्ती नेहमीच्या क्रमाने झाली असती. बाजारात गेल्यावर आणि चर्चा पसरल्यावर मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००७ मध्येच स्वतंत्र दुरुस्ती दिली. एक रकाना स्थिर राहिला आणि दुसरा हलला, म्हणून रकाने दोन लागतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो, की लहान टीममध्ये एकच रकाना पुरतो. गंभीर ते आधी दुरुस्त करा. मला तो निम्मा मान्य आहे. चारच बग असतील तर समोरासमोर बसून क्रम लावता येतो. पण एकच रकाना असला, की बग लवकर दुरुस्त व्हावा म्हणून टेस्टर त्याची गंभीरता चढवून लिहू लागतो, आणि वेळ नाही म्हणून मॅनेजर ती उतरवू लागतो. सहा महिन्यांनी तो रकाना वाचून बिघाडाबद्दल काहीच कळत नाही. दुसरा आक्षेप उमेदवारांच्या बाजूचा आहे आणि तो जास्त रास्त आहे: नवख्या मुलाला किंवा मुलीला धंद्याची गरज ठाऊक नसते, मग प्रायॉरिटी ते कशी ठरवणार? त्यांनी ती ठरवावी अशी अपेक्षाच नको. बहुतेक ठिकाणी टेस्टर सिव्हिरिटी सुचवतो आणि प्रायॉरिटीचा शेवटचा शब्द प्रॉडक्ट ओनरचा किंवा मॅनेजरचा असतो. उमेदवाराने एवढं सांगून वर विचारावं, ‘हे पान किती जण वापरतात? दुसऱ्या मार्गाने काम होतं का? पुढचं रिलीज कधी आहे?’ मुलाखत घेणाऱ्याने या प्रश्नांना गुण द्यावेत. पाठ केलेलं स्पेलिंगचं उदाहरण सांगणारा आणि हे तीन प्रश्न विचारणारा, यांच्यात निवड करणं मग अवघड जात नाही.

मुलाखतीत एक प्रश्न मात्र मी जरूर वाढवीन: डेव्हलपर म्हणाला दुरुस्ती झाली, आता काय तपासाल? `=850*77.1` ला ६५,५३५ आलं म्हणून जो बग बंद करतो, त्याने रिपोर्ट लिहिला खरा, पण स्वतःच वाचला नाही. ६५,५३६ च्या लगतचे सहा आकडे त्याच रिपोर्टमधल्या १,००,००१ च्या ओळीत दडलेले आहेत. ते तपासायचे, छापून पाहायचं, आणि थेट टाइप केलेल्या संख्या पूर्वीसारख्याच दिसतात ना, हेही पुन्हा चालवून पाहायचं.