विना नोटीस



जनहित याचिकेवर बोलायचं म्हटलं की वक्ते सुरुवात करतात ती बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांपासून. ते बरोबरच आहे. १९७९ साली वृत्तपत्रातल्या बातम्या हाती घेऊन एक वकीलबाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि खटलाच न चालता वर्षानुवर्षं अडकलेली माणसं सुटू लागली. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानंच कोर्टाची पायरी चढायची, हा जुना नियम तिथून सैल झाला. पण मी वकील माणूस. दार उघडलं याचा आनंद आहेच, पण आत गेलेल्या माणसाच्या हाती काय पडलं, तेही मला बघावंसं वाटतं. म्हणून आज मुंबईचा एक खटला घेतो.

१३ जुलै १९८१. मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की फुटपाथवरची आणि झोपडपट्टीतली माणसं हटवून त्यांना त्यांच्या मूळ गावी पाठवायचं. ऐन पावसाळा. याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकाकर्त्यांपैकी एकाची हकिगत निकालपत्रातच आहे. तो १९६१ साली तमिळनाडूतल्या सेलमहून कामाच्या शोधात आलेला. २३ जुलैला महापालिकेनं त्याची झोपडी पाडली आणि कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या. हा मात्र कामासाठी परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहू लागला. या एका फेरीत सगळा युक्तिवाद आहे. माणूस फुटपाथवर राहतो, कारण काम तिथून जवळ असतं.

झोपडीवाल्यांच्या बरोबरीनं नागरी हक्कांच्या संघटना आणि पत्रकारही याचिकाकर्ते झाले. खटल्याला नाव मिळालं ते त्यांतल्या पत्रकार ऑल्गा टेलिस यांचं. पालिकेनं मोठा अडसर घातला. ही माणसं आधी उच्च न्यायालयात गेली होती. तिथं त्यांच्या वतीनं कबूल करण्यात आलं होतं की फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्हाला नाही, आणि १५ ऑक्टोबरनंतर झोपड्या पाडल्या तर आम्ही आडवे येणार नाही. मग आता शब्द कसा फिरवता? कायद्यात याला ‘विबंध’ म्हणतात. न्यायालय म्हणालं, मूलभूत हक्कांपुढे विबंध चालत नाही; आपला हक्क सोडून देण्याची मुभा संविधान कुणालाच देत नाही. माझ्या मते या निकालाचा सगळ्यांत भक्कम भाग हाच, आणि चर्चा मात्र त्याची सगळ्यांत कमी होते.

१० जुलै १९८५ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं निकाल दिला. तो लिहिला होता सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी. कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविका येते, कारण उपजीविका काढून घेतली की जगणं संपतं, हे त्यांनी स्वच्छ मांडलं. पण मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३१४ आयुक्तांना फुटपाथवरचं अतिक्रमण विना नोटीस हटवू देतं. ते कलम रद्द झालं नाही. न्यायालयानं त्याचा अर्थ लावला: ‘विना नोटीस हटवू शकतील’ म्हणजे ‘विना नोटीसच हटवलं पाहिजे’ असं नव्हे. नोटीस देणं हा नियम, न देणं हा अपवाद.

आता गंमत बघा. या माणसांना कुणीच नोटीस दिली नव्हती, म्हणजे त्यांचं म्हणणं ऐकलंच गेलं नव्हतं. मग आयुक्तांना आता तरी ऐका असं सांगायला हवं होतं ना? न्यायालय म्हणालं, एरवी तसं सांगितलंही असतं, पण तुमचं म्हणणं आम्हीच इथं सविस्तर ऐकलं आहे, त्यामुळे पुन्हा सुनावणीची गरज नाही. म्हणजे ज्या दारातून ते आत आले, त्याच दारात त्यांची सुनावणी उरकली! हे मला आजवर पटलेलं नाही.

पदरात काय पडलं? ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरल्यावर महिनाभरापर्यंतची मुदत. १९७६ च्या झोपडी-गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, पण जागा दिल्याशिवाय हटवू नका अशी अट मात्र नाही. वीस वर्षं जुन्या, सुधारणा झालेल्या झोपडपट्ट्या सार्वजनिक कामाला जागा लागल्याखेरीज हटवायच्या नाहीत. आणि हटवल्या तर पर्यायी जागा द्यायची. फुटपाथवाल्यांना हे संरक्षण नाही.

पुढे उपजीविकेच्या हक्कासाठी देशभरातले वकील हाच निकाल हातात घेऊन उभे राहिले, मीही राहिलो आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बुलडोझर कारवायांबाबत सर्वोच्च न्यायालयानं निर्देश दिले. पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस, तीही नोंदणीकृत टपालानं, शिवाय बांधकामावर चिकटवलेली. मी ते वाचायला घेतले तेव्हा वाटलं, चला, चाळीस वर्षांनी का होईना, नोटीस आली. मग अपवादाचा परिच्छेद लागला. रस्ता, गल्ली, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी किंवा जलाशय इथल्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत.