एकटा राहिलेला ‘आर’

पडद्यावर दिसतोय तो बराक ओबामांचा जन्मदाखला. 27 एप्रिल 2011 रोजी व्हाइट हाउसने त्याची पीडीएफ जाहीर केली. ती काहींनी अडोबी इलस्ट्रेटरमध्ये उघडून पाहिली, तर पानाचे थर सुटे झाले. हिरव्या नक्षीचा कागद वेगळा, त्यावरची अक्षरं वेगळी, तारखेचा शिक्काही वेगळा. मग काय, दाखला बनावट असल्याची आवई उठली. हवाईच्या आरोग्य खात्याने दाखला खरा असल्याचं सांगूनही ती विरली नाही.

थर होतेच, त्यात खोटं काही नव्हतं. प्रश्न एवढाच की ते पाडले कोणी? माणसाने की यंत्राने?

पीडीएफमधल्या चित्रांची यादी काढायला मी ही साधी आज्ञा वापरतो:

```
pdfimages -list dakhla.pdf
```

प्रत्येक चित्राची एक ओळ येते. प्रकार, लांबी-रुंदी, दर इंचाला किती ठिपके, सगळं त्यात असतं. ओबामांच्या फाइलमध्ये नऊ चित्रं आहेत. एक रंगीत जेपेग पार्श्वभूमी, इंचाला 150 ठिपक्यांची. बाकीचे आठ एकरंगी साचे, इंचाला 300 ठिपक्यांचे. साचा म्हणजे रांगोळीच्या छापासारखा. भोकं कुठे आहेत तेवढंच त्यात लिहिलेलं असतं, रंग वरून एकच.

ऑफिसातलं मोठं कॉपिअर यंत्र स्कॅन करताना नेमकं हेच करतं. फाइल लहान व्हावी म्हणून ते पान फोडतं. जे मजकुरासारखं दिसेल ते धारदार साच्यात घालतं, उरलेलं धूसर जेपेगमध्ये. अक्षर उचललेल्या जागी मागे फिकट डाग राहतो. दाखल्यातल्या अक्षरांभोवतीची ती ‘संशयास्पद’ पांढरी कडा ही त्याचीच.

आता पानाचा वरचा भाग मोठा करतो. BARACK या शब्दातली बाकी अक्षरं साच्यात गेली आहेत आणि मधला R एकटाच खाली पार्श्वभूमीत राहिला आहे. दाखल्याच्या क्रमांकातल्या शेवटच्या 1 चंही तेच. नाव खोटं चिकटवणारा माणूस पूर्ण नाव चिकटवेल, मधलं एक अक्षर जुन्या कागदावर सोडून त्याभोवती उरलेली कशाला रचेल? यंत्राला मात्र नाव म्हणजे काय हे ठाऊक नसतं. त्या अक्षराची कड नक्षीत मिसळली, हा मजकूर नव्हे असं त्याने ठरवलं. थरांच्या सीमा अर्थाला धरून आहेत की आंधळ्या, हे मी सर्वांत आधी बघतो.

या फाइलच्या Producer नोंदीत Quartz PDFContext असं आहे, म्हणजे मॅकवरून जतन केलेली. त्यावरूनही ओरड झाली. पण ही नोंद शेवटच्या हाताची असते. मॅकच्या प्रीव्ह्यूमध्ये उघडून पुन्हा जतन केलं की आधीच्या यंत्राचं नाव पुसलं जातं. जेपेगच्या पोटात मात्र YCbCr अशी एक टिप्पणी शिल्लक होती. 2013 मध्ये काही हौशी शोधकांनी झेरॉक्सच्या वर्कसेंटर 7655 वर स्कॅन करून, प्रीव्ह्यूतून जतन करून पाहिलं. तसेच थर, तशाच कडा, तीच टिप्पणी.

खरी चिकटवाचिकटवी कशी दिसते? माझ्याकडे एक पगारपत्रक आलं होतं. यादीत दोनच चित्रं होती. पहिलं 1654 बाय 2339 ठिपक्यांचं, म्हणजे इंचाला 200 च्या हिशेबाने अख्खं ए-फोर पान. दुसरं 118 बाय 30, इंचाला 96. ही घनता बहुधा संगणकाच्या पडद्यावरून कापलेल्या तुकड्याची असते. आणि तो तुकडा बसला होता बरोबर निव्वळ पगाराच्या आकड्यावर! वर चिकटवलं म्हणून खालचं नाहीसं होत नाही. `pdfimages -all` ने दोन्ही चित्रं सुटी बाहेर काढली, तर पहिल्यात जुना आकडा जसाच्या तसा होता.

कधी मूळ चित्रच बदललेलं असतं, तेव्हा यादीत काही खटकत नाही. पण काही संपादक बदल फाइलच्या शेपटाला जोडतात, जुना भाग तसाच ठेवून. अशा फाइलमध्ये %%EOF ही समाप्तीची खूण दोनदा सापडते. प्रत काढून पहिल्या खुणेपाशी कापली की बदलाआधीचं पान उघडतं. इथे एक ठेच मी स्वतः खाल्ली आहे: ब्राउझरमध्ये लवकर उघडावी म्हणून रचलेल्या फाइलमध्येही ही खूण मुळातच दोनदा असते. सुरुवातीलाच Linearized हा शब्द दिसला, तर नुसत्या दोन खुणांवरून काही ठरवू नका.

आणि कोणी फेरफार केलेलं पान कागदावर छापून पुन्हा स्कॅन केलं, तर तुकडा, शेपूट, जुनं चित्र सगळं गेलं. उरतं ते एकसंध चित्र, फार तर कॉपिअरने पाडलेल्या थरांचं. तिथे मी पक्षकाराला सरळ सांगतो, फाइल देणाऱ्याकडून मूळ कागद मागा.